डब्यावरचे वय आणि मुलाचा हात

ईदच्या तिसऱ्या दिवशी कल्याणला दूधनाक्याजवळ धाकट्या बहिणीकडे गेले होते. तिचा मुन्ना तेव्हा तीन वर्षे दोन महिन्यांचा होता. ईदीच्या पैशांत त्याच्या मामूंनी स्वतःचे काही घालून त्याला अडीचशे तुकड्यांचा बांधणीचा डबा आणला होता. डब्यावर किल्ला, जहाज आणि अग्निशमनाची गाडी. मुन्नाने डबा उघडला, सगळे तुकडे फरशीवर ओतले आणि दहा मिनिटांत मूठभर तुकडे दिवाणाखाली भिरकावून दिले.

"आपा, याचं खेळण्यात मनच लागत नाही," बहीण म्हणाली. "मोबाईल दिला की तासभर हलत नाही."

त्याची दादी म्हणाली, "हट्टी झालाय, दुसरं काही नाही."

मी काही न बोलता मुन्नाशेजारी फरशीवर बसले आणि तो काय करतो ते पाहिले. त्याने एक लहान वीट हातात घेतली, दुसरीवर ठेवली आणि तळव्याने दाबली. बटणे नीट समोरासमोर आली नव्हती. एक बाजू बसली, दुसरी वर राहिली. त्याने उचलून पाहिले, तर वरची वीट निसटली. पुन्हा दाबली, या वेळी घट्ट बसली, पण वाकडी. आता ती निघेना. नखाने ओढली, दाताने ओढली, मग आईकडे नेली. आईने सोडवून दिली. असे तीनदा झाले. चौथ्या वेळी वीट दिवाणाखाली गेली.

मुलाचे मन लागत होते. चार वेळा प्रयत्न करणाऱ्या मुलाला कोण हट्टी म्हणेल? त्याचा हात त्या विटेला पुरा पडत नव्हता, एवढेच.

"पण डब्यावर '३+' लिहिलंय की!" बहीण म्हणाली.

हा गैरसमज बहुतेक घरांत असतो, म्हणून आधी तोच दूर करू. डब्यावरचे '३+' हे बहुतेकदा सुरक्षिततेचे वय असते. तीन वर्षांखालची मुले हाती येईल ते तोंडात घालतात. म्हणून खेळण्यांच्या तपासणीत एक लहानशी नळी वापरतात. तिची रुंदी जेमतेम ३२ मिलिमीटर असते. खेळण्याचा एखादा तुकडा त्या नळीत पूर्ण मावला, तर तो लहानग्याच्या घशात अडकू शकतो असे मानतात आणि ते खेळणे तीन वर्षांखालच्या मुलांसाठी विकता येत नाही. म्हणजे '३+' वाचून आपल्याला एवढेच कळते की तुकडे लहान आहेत आणि घरात त्याहून लहान मूल असेल तर सांभाळायला हवे. तीन वर्षांच्या मुलाला ते जोडता येतील, असे त्या आकड्याने सांगितलेले नसते.

आपल्या देशात १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. ते जरूर पाहावे. पण तेही सुरक्षिततेचेच चिन्ह आहे. मुलाच्या हाताला काय पेलेल, हे आपणच मुलाकडे पाहून ठरवायचे.

मूल कोणत्या पायरीवर आहे?

अमेरिकेतील हॅरिएट जॉन्सन या शिक्षिकेने न्यूयॉर्कच्या बालशाळेत मुले ठोकळ्यांशी कशी खेळतात हे वर्षानुवर्षे पाहिले आणि १९३३ मध्ये ते लिहून ठेवले. तिला दिसलेला क्रम आजही बालवाडीच्या शिक्षिकांना शिकवतात. मूल आधी ठोकळे नुसते उचलून इकडून तिकडे नेते. मग ते रांग लावते किंवा एकावर एक ठेवून मनोरा करते. त्यानंतर पूल येतो, म्हणजे दोन ठोकळे थोडे अंतर ठेवून उभे करायचे आणि तिसरा वर आडवा टाकायचा. मग चारी बाजूंनी कुंपण घालून मधली जागा बंद करणे येते. त्यापुढे दोन्ही बाजू सारख्या दिसतील अशी नक्षी, आणि सर्वांत शेवटी 'हे स्टेशन आहे', 'हे नानीचं घर आहे' असे आधी नाव ठरवून बांधणे. वय थोडे मागेपुढे होते, पण क्रम बहुधा हाच राहतो.

बालरोगतज्ज्ञही मुलाची वाढ तपासताना एक इंची घन वापरतात. दोन वर्षांचे मूल साधारण सहा घनांचा मनोरा करते. तिसऱ्या वर्षी तो नऊपर्यंत जातो आणि तीन घनांचा पूल समोर करून दाखवला तर मूल त्याची नक्कल करते. म्हणजे तीन वर्षांचे मूल बहुधा मनोऱ्यातून पुलाकडे निघालेले असते. त्याला जहाजाचा नकाशा देणे म्हणजे पहिलीच्या मुलाला सातवीचे पुस्तक देण्यासारखे आहे.

मुन्नाची पायरी मी घरातल्याच वस्तूंनी पाहिली. स्वयंपाकघरातून काड्यापेटीचे दहाचे पाकीट आणले. त्याने सात पेट्यांचा मनोरा केला, पाडला, हसला, पुन्हा केला. मग मी माझ्यासमोर दोन पेट्या उभ्या ठेवून वर एक आडवी टाकली. त्याने पाहिले आणि दोन पेट्या उभ्या केल्या, पण इतक्या दूर की आडवी पेटी मध्येच पडली. मनोरा पक्का आणि पूल अर्धाकच्चा, ही त्याची पायरी. त्याला जे खेळणे द्यायचे, त्यात पूल जमायला हवा. (काड्या आधी काढून घेतल्या होत्या, हे सांगायला नको.)

सांधा कसा आहे, ते पाहा

दुकानात आपण रंग, तुकड्यांची संख्या आणि किंमत पाहतो. माझ्या मते सर्वांत आधी सांधा पाहावा, म्हणजे एक तुकडा दुसऱ्याला कसा जोडला जातो ते.

सांधा नसलेला ठोकळा म्हणजे साधा लाकडी ठोकळा. ठेवला की बसला. तो चुकत नाही, अडकत नाही, आणि पडला तर का पडला हे मुलाच्या डोळ्यांना दिसते. दीड वर्षापासून सहा-सात वर्षांपर्यंत हे एकच खेळणे पुरते, कारण मूल ज्या पायरीवर असेल त्या पायरीचा खेळ त्यात खेळता येतो.

दुसरा प्रकार मोठ्या बटणांच्या प्लास्टिक विटांचा. लेगो कंपनीच्या 'डुप्लो' विटा याच जातीच्या. त्यांची लांबी, रुंदी आणि उंची नेहमीच्या लेगो विटेच्या दुप्पट असते. कंपनी त्या दीड वर्षापासून पाच वर्षांपर्यंत सुचवते. अशाच मापाच्या देशी विटाही मिळतात. मूठभर वीट असल्याने बोटांऐवजी पंजाने धरता येते आणि बटण मोठे असल्याने समोरासमोर आणणे सोपे जाते.

तिसरा प्रकार लहान बटणांच्या विटांचा, मुन्नाच्या डब्यातला. यात एकाच वेळी दोन कामे असतात. एका हाताने खालची वीट स्थिर धरायची आणि दुसऱ्या हाताने वरची नेमकी बसवून दाबायची. दोन हातांनी दोन वेगळी कामे करणे तिसऱ्या वर्षी नुकते जमू लागलेले असते. त्यातही जोडण्यापेक्षा सोडवणे जड जाते. जितकी बटणे एकमेकांत बसतात, तितका जोर लागतो. म्हणून आठ बटणांच्या दोन विटा चार बटणांच्या विटांपेक्षा घट्ट बसतात आणि पातळ चपट्या पट्ट्या तर मोठ्या माणसाच्या नखालाही दाद देत नाहीत. हा प्रकार साडेचार-पाच वर्षांपासून ठीक. आधी देऊ नये असे नाही, पण मग शेजारी बसावे लागेल.

चौथा प्रकार नट, स्क्रू आणि पट्ट्यांचा. धातूच्या पट्ट्यांचा मेकॅनिक्ससारखा संच सात-आठ वर्षांआधी आणू नये. तीन वर्षांच्या मुलाला फिरवण्याची हौस असतेच. त्याच्यासाठी जाड प्लास्टिकचे, मुठीत मावणारे नट-बोल्ट मिळतात. ते वेगळे खेळणे आहे, पण बांधणीच्या आधी हात तयार करायला चांगले.

चुंबकाच्या रंगीत फरशा हल्ली बाजारात खूप दिसतात. त्या सहज जुळतात, म्हणून तीन वर्षांच्या मुलांना आवडतात. पण त्यांची कडा फुटून आतले चुंबक बाहेर आले आणि मुलाने दोन गिळले, तर ते आतड्याच्या दोन घड्यांमधून एकमेकांना ओढतात आणि आतडे फाटू शकते. अशा वेळी घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठायचे. म्हणून या फरशा घ्यायच्याच तर चांगल्या प्रतीच्या घ्या, दर आठवड्याला कडा तपासा, आणि तडा गेलेली फरशी त्याच दिवशी फेकून द्या. घरात रांगते बाळ असेल तर घेऊच नका.

दुकानात करायच्या दोन परीक्षा

जांभळी नाक्याच्या बाजारात असो की डोंबिवलीच्या फडके रोडवर, दुकानदाराला एक डबा उघडून दाखवायला सांगा. नमुन्याचे तुकडे बहुतेकांकडे असतात.

प्लास्टिक विटा असतील तर दोन विटा जोडा आणि आपल्या डाव्या हाताच्या अंगठा व एका बोटाने सोडवून पाहा (डावखुऱ्यांनी उजव्या हाताने). तुम्हालाच जोर लावावा लागला, तर मुलाला ते जमणार नाही. मग उलट परीक्षा करा. सहा विटा एकावर एक जोडा, वरच्या विटेला धरून उचला आणि हलकेच हलवा. मनोरा तुटला तर सांधा सैल आहे. घट्ट सांध्याने मूल चिडते, तसे सैल सांध्यानेही चिडते, कारण त्याने केलेली वस्तू हातात घेऊन दाखवायला नेताना वाटेत मोडते. स्वस्त विटांत दोन्ही दोष एकाच डब्यात सापडतात, म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या विटांवर करून पाहा.

लाकडी ठोकळे असतील तर दोन चौकोनी ठोकळे जोडून ठेवा आणि शेजारी एक आयताकृती ठोकळा ठेवा. लांबी नेमकी सारखी भरली पाहिजे. दोन आयत मिळून एक लांब पट्टी झाली पाहिजे. हे माप चुकलेल्या संचात पुलाचा एक खांब नेहमी बुटका राहतो, पट्टी घसरते आणि मुलाला वाटते की चूक त्याची आहे. कडा बोटाने चाचपून पाहा. रंग ओल्या रुमालाने घासून पाहा, रुमालाला लागला तर तो डबा नको.

तुकडे किती असावेत? तीन वर्षांच्या मुलाला तीस ते चाळीस पुरतात, आणि तेही दोन भागांत. मी मुन्नासाठी चाळीस ठोकळे असे मोजले: सोळा आयत, आठ चौकोन, सहा लांब पट्ट्या, चार त्रिकोणी उतार, चार गोल खांब आणि दोन कमानी. आयत सर्वांत जास्त, कारण सगळी बांधणी त्यांच्यावर उभी राहते. बाजारातल्या संचांत उलटे असते. तऱ्हेतऱ्हेचे आकार दोन-दोन, आणि कामाचा आयत जेमतेम सहा. दोन सारखे खांब मिळाले नाहीत तर पूल होणार कसा?

सुताराकडून करून घेतलेला संच

तयार लाकडी संच महाग पडतो, म्हणून आम्ही घराजवळच्या सुताराकडे गेलो. दरवाजाच्या चौकटीतून उरलेले तुकडे त्याच्याकडे होते. अमेरिकेतील कॅरोलिन प्रॅट या शिक्षिकेने शंभर वर्षांपूर्वी ठरवलेले माप अजून चालते: जाडी एक, रुंदी तिच्या दुप्पट, लांबी तिच्या चौपट. सुताराला आम्ही साडेतीन, सात आणि चौदा सेंटिमीटर असे सांगितले. चौकोन त्याच्या निम्मा, म्हणजे सात सेंटिमीटर लांब, आणि पट्टी अठ्ठावीस. सगळे तुकडे एकाच फळीतून कापायला सांगा, म्हणजे जाडी बदलणार नाही. कडा पॉलिश पेपरने गोल करून घ्या. रंग किंवा व्हार्निश लावू नका. प्लायवूड टाळा, त्याच्या सालपटांची कुसळे निघतात. गोल खांबांसाठी झाडूच्या जाड दांड्याचे सात-सात सेंटिमीटरचे तुकडे केले. कमानी सुताराने नको म्हटल्या, त्याऐवजी चार आयत जास्त घेतले.

असे करण्यात कमीपणा काही नाही. याच आपल्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला १९४५ मध्ये आणि पुढे कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी चालवली ती शंख-शिंपले, बिया, खडे, पाने अशा गावात मिळणाऱ्या साधनांवर. महागडी साधने गरिबाच्या अंगणात पोहोचणार नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. साधन साधे असले तरी माप नेमके हवे.

तीन आठवडे

अडीचशे तुकड्यांचा डबा बहिणीने कपाटावर ठेवला. मुन्नासमोर पहिल्या आठवड्यात फक्त अठरा ठोकळे ठेवले, दहा आयत आणि आठ चौकोन. पहिल्याच दिवशी एक अडचण आली. तो गादीवर बसून मनोरा करत होता आणि तो चौथ्या ठोकळ्यालाच कोसळत होता. तो रडायला लागला. आम्ही ठोकळे फरशीवर घेतले आणि मनोरा आठपर्यंत गेला. गादी, फोमची चटई, घडी पडलेली सतरंजी यांवर कोणाचाही मनोरा उभा राहणार नाही. खालच्या मजल्याच्या शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होत असेल तर चटईवर एक पातळ फळी टाका.

दुसऱ्या आठवड्यात पट्ट्या दिल्या. आता पूल आला आणि जुनी अडचणही आली. खांब दूर आणि आयत अपुरा. बहिणीचा हात खांब सरकवायला पुढे गेला, तो मी धरला. मोठ्यांनी करून दिलेली वस्तू मूल मोडून टाकते, हे तिने किल्ल्याच्या वेळी पाहिलेच होते. मी फक्त एक लांब पट्टी त्याच्या गुडघ्यापाशी सरकवली. त्याने आयत टाकून पाहिला, पडला. पट्टी उचलली, टाकली, बसली. तो काही क्षण बघतच राहिला. मग "पत्री पूल!" म्हणून ओरडला आणि खालून खेळण्यातली रिक्षा नेली. खरा पत्री पूल रेल्वेच्या रुळांवरून जातो आणि खालून गाड्या धावतात, पण मुन्नाच्या पुलाखालून रिक्षाच गेली. त्यानंतर खांब जवळ आणायचे की वरचा तुकडा लांब घ्यायचा, हे दोन्ही त्याला तीन-चार दिवसांत उमगले.

तिसऱ्या आठवड्यात उतार आणि गोल खांब दिले. त्याने बकरीभोवती कुंपण घातले. एक बाजू उघडी राहिली, तिथून बकरी बाहेर आणली आणि पुन्हा आत नेली. पहिल्या दिवशी तो दहा मिनिटे टिकला होता. आता अर्धा तास सहज जायचा. रोज मात्र नाही. झोप आलेली असली किंवा पाहुण्यांची वर्दळ असली की तो ठोकळे पाडून मोकळा व्हायचा. पाडणे हाही खेळच आहे, त्याला राग समजू नका.

राग कोणता आणि कंटाळा कोणता?

दोन्हीत मूल ठोकळे टाकते, पण त्याआधी काय झाले ते पाहा. एकाच ठिकाणी दोन-तीनदा प्रयत्न करून, तुकडा आईकडे आणून मग फेकला, तर खेळणे एक पायरी वर आहे. तुकडे कमी करा, सांधा सोपा द्या, किंवा खाली बसायची जागा पाहा. प्रयत्नच न करता, आधी केलेलेच झटपट करून उठून गेले, तर खेळणे पायरीखाली आहे. तेव्हा नवा डबा आणू नका. एक नवा आकार किंवा एखादी बाहुली, गाडी, बकरी मध्ये ठेवा. मूल फक्त ओतते आणि पुन्हा भरते, तर तुकडे फार जास्त आहेत किंवा ते अजून पहिल्या पायरीवर आहे. त्याला टोपली द्या आणि नेऊ-आणू द्या.

एक गोष्ट मात्र खेळण्यावर ढकलू नये. तीन वर्षांचे मूल, साधे मोठे ठोकळे आणि कडक फरशी असूनही, काही आठवडे संधी मिळाल्यावर चार-पाच ठोकळेही एकावर एक ठेवू शकत नसेल, किंवा एकच हात वापरून दुसरा सतत बाजूला ठेवत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बहुतेकदा काळजीचे काही नसते, पण असले तर लवकर कळलेले बरे.

मुन्नाचा मोठा डबा अजून कपाटावर आहे. मामूंना वाईट वाटू नये म्हणून बहिणीने त्यातल्या चार बटणांच्या पंधरा विटा वेगळ्या काढल्या आहेत. मुन्ना चार वर्षांचा होईल तेव्हा इन्शाअल्लाह आधी त्या पंधरा मिळतील, आणि बाकीच्या त्याने मागितल्या की. किल्ल्याचे चित्र तिने सध्या उलटे करून ठेवले आहे. तुमच्याही कपाटावर असा एखादा डबा असेल, तर तो कोणाला देऊन टाकू नका. त्यावर मुलाच्या पुढच्या वाढदिवसाची तारीख लिहून ठेवा.